फिग्मा व्हेरिएबल : उजळ व गडद मोड

फिग्मा या आरेखन-सॉफ्टवेअरमध्ये रंग, अंक, मजकूर किंवा होय-नाही स्वरूपाचे मूल्य एका नावाखाली साठवता येते. त्या नावाला व्हेरिएबल म्हणतात. व्हेरिएबलांच्या संचाला कलेक्शन, तर कलेक्शनच्या तक्त्यात प्रत्येक नावापुढे असलेल्या मूल्यस्तंभाला मोड अशी संज्ञा आहे. `Light` आणि `Dark` हे दोन स्तंभ भरून कॉम्पोनंटांचे, म्हणजे बटणासारख्या पुन्हा वापरायच्या घटकांचे, रंग त्या नावांशी जोडले, की बाहेरच्या फ्रेमचा मोड बदलताच आतील सगळे घटक एकत्र थीम बदलतात.

ही सोय जून २०२३ मध्ये उपलब्ध झाली. त्यापूर्वी दोन्ही थीमच्या वेगवेगळ्या कलर स्टाइल ठेवून प्लगइनच्या साहाय्याने त्यांची अदलाबदल करीत. मूळ कल्पना कोठून आली याबद्दल मात्र एकमत नाही. पुष्कळदा तिचा उगम ‘डिझाइन टोकन’ या संकल्पनेत दाखवला जातो. ती २०१४ च्या सुमारास सेल्सफोर्समध्ये जीना ॲन आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या कामातून पुढे आली. टोकनाने मूल्याला नाव दिले हे खरे. परंतु वापरणाऱ्याला न कळता एकाच नावामागचे मूल्य थीमनुसार बदलावे, ही रचना २०१९ च्या आयओएस १३ मधील भूमिकावाचक सिस्टिम-रंगांशी अधिक जुळते. पार्श्वभूमीचा रंग आणि तिच्यावरील अक्षरांचा रंग जोडीने नेमण्याची पद्धत गूगलच्या मटेरियल डिझाइनमुळे रूढ झाली असावी. फिग्मातील मोड या तिन्ही धारांचा संगम मानणे अधिक सयुक्तिक वाटते.

रचनेत सहसा दोन कलेक्शन असतात. पहिल्यात `blue/700` यांसारखे कच्चे रंग असून त्याला एकच मोड असतो. दुसऱ्यात `action/bg` यांसारखी कामावरून दिलेली नावे असतात. त्यांची दोन्ही मोडमधील मूल्ये पहिल्या कलेक्शनमधील रंगांकडे निर्देश करतात. कॉम्पोनंट फक्त दुसऱ्या कलेक्शनशी जोडतात. काही जण प्रत्येक कॉम्पोनंटसाठी तिसरा थरही ठेवतात. एका उत्पादनाच्या संचाला त्याची गरज क्वचितच पडते.

बटणाच्या उदाहरणावरून हे स्पष्ट होईल. `blue/700` म्हणजे `#1D4ED8`, `blue/300` म्हणजे `#93C5FD` आणि `gray/900` म्हणजे `#111827` असे धरू.

```
               Light      Dark
bg/page        white      gray/900
action/bg      blue/700   blue/300
action/label   white      gray/900
```

उजळ मोडमध्ये निळ्या बटणावरील पांढऱ्या अक्षरांचा कॉन्ट्रास्ट सुमारे ६.७ : १ येतो. तेच निळे बटण गडद पानावर ठेवल्यास पानाशी त्याचा कॉन्ट्रास्ट २.६ : १ च्या आसपास, म्हणजे डब्ल्यूसीएजी या वेब-सुगम्यतेच्या मार्गदर्शक तत्त्वांनी घटक ओळखण्यासाठी सांगितलेल्या ३ : १ पेक्षा कमी भरतो, म्हणून तेथे फिका निळा घेतात. मात्र लेबल पांढरेच राहिले तर त्याचा कॉन्ट्रास्ट १.८ : १ पर्यंत घसरतो आणि अक्षरे जवळजवळ वाचता येत नाहीत. `gray/900` घेतल्यास तो ९.८ : १ होतो. लेबलाचा रंग `white` या कच्च्या रंगाशी न जोडता `action/label` या स्वतंत्र नावाशी जोडण्याचे कारण हेच.

मोड वारशाने मिळतो. लेयरचा मोड `Auto` असेल तर तो आपल्या बाहेरच्या फ्रेमचा, तिथेही ठरवलेला नसेल तर पानाचा मोड घेतो. कुठेच ठरवलेला नसल्यास तक्त्यातील पहिला स्तंभ लागू होतो. आतील लेयरवर मोड मुद्दाम नेमला असेल तर तो बाहेरच्यावर मात करतो. मुख्य कॉम्पोनंटवरच `Light` नेमून ठेवले तर त्याच्या इन्स्टन्स, म्हणजे जोडलेल्या प्रतीही, तो मोड सोबत नेतात आणि गडद फ्रेममध्ये तेवढेच घटक उजळ राहतात. त्यामुळे थीम पाहण्यासाठी मोड कॉम्पोनंटवर न लावता, त्याच्या इन्स्टन्स एका फ्रेममध्ये मांडून त्या फ्रेमवर लावणे इष्ट.

जोडणी तपासण्यासाठी कॉम्पोनंटच्या सर्व व्हेरियंटांच्या, म्हणजे निरनिराळ्या रूपांच्या, इन्स्टन्स अशा एका फ्रेममध्ये मांडतात आणि तिचा मोड `Dark` करतात. जो भाग बदलत नाही त्याचा फिल पाहावा. तेथे हेक्स-अंक दिसला तर रंग जोडलेलाच नाही. `gray/900` असे कच्चे नाव दिसले तर जोडणी चुकीच्या कलेक्शनशी झाली आहे, आणि त्या कलेक्शनला दुसरा मोड नसल्याने तो रंग बदलणार नाही. नाव `action/label` असूनही रंग बदलत नसेल तर मधल्या एखाद्या लेयरवर नेमलेला मोड शोधावा. हॉव्हर व डिसेबल्ड व्हेरियंट या फ्रेममध्ये आवर्जून मांडावेत, कारण ते रोजच्या मांडणीत क्वचितच दिसतात आणि एरवी नजरेतून सुटतात. कच्च्या रंगांचे कलेक्शन प्रकाशनातून लपवले, तर इतर फाइलींमध्ये ते निवडताच येत नाहीत आणि दुसऱ्या प्रकारची चूक तेथे टळते.

छायाचित्रांवर मोडचा परिणाम होत नाही. त्यांची गडद आवृत्ती वेगळी ठेवावी लागते.