इंधनाचे कॅलरीमूल्य (कोल्हापुरी गुऱ्हाळातील चिपाडाच्या संदर्भात)

एक किलोग्रॅम इंधन पूर्णपणे जळल्यावर जितकी उष्णता बाहेर पडते, तिला त्या इंधनाचे कॅलरीमूल्य किंवा उष्मांक म्हणतात. ते किलोकॅलरीत किंवा मेगाज्यूलमध्ये देतात (१ मेगाज्यूल म्हणजे सुमारे २३९ किलोकॅलरी). वायुरूप इंधनासाठी वजनाऐवजी घनमीटर घेण्याची पद्धत आहे. प्रस्तुत नोंदीत मुख्यतः उसाच्या चिपाडाचा विचार केला आहे. कारण ओलावा, ज्वलनाची पद्धत आणि धूर या तिन्ही गोष्टींनी कॅलरीमूल्याचा आकडा कसा बदलतो, हे या इंधनात जितके स्पष्ट दिसते तितके कोळशात किंवा गॅसमध्ये दिसत नाही.

संज्ञेचा इतिहास. ‘कॅलरी’ हे एकक नेमके कोणी रूढ केले, याबद्दल दोन मते आहेत. जुन्या संदर्भग्रंथांत त्याचे श्रेय फाव्र आणि सिल्बरमान या फ्रेंच शास्त्रज्ञांच्या १८५२ च्या लेखनाला दिलेले आढळते. नंतरच्या संशोधनानुसार निकोला क्लेमाँ यांनी पॅरिसमधील आपल्या व्याख्यानांत ही संज्ञा त्याआधीच, बहुधा १८१९ ते १८२४ या काळात, वापरली होती. त्यांची कॅलरी एक किलोग्रॅम पाणी एक अंशाने तापवणारी, म्हणजे आजची किलोकॅलरी होती. फाव्र आणि सिल्बरमान यांची कॅलरी एका ग्रॅमची. दोन्ही बाजू पाहता क्लेमाँ यांचा अग्रक्रम मान्य करणे अधिक योग्य वाटते. कॅलरी आणि किलोकॅलरी यांचा घोळ मात्र तेव्हापासून आजवर चालू आहे.

स्थूल व निव्वळ मूल्य. प्रयोगशाळेत कॅलरीमूल्य बॉम्ब कॅलरीमापकाने काढतात. जाड पोलादी भांड्यात दाबाखालील ऑक्सिजनमध्ये साधारण एक ग्रॅम नमुना विजेच्या तारेने पेटवायचा आणि भोवतालच्या पाण्याचे तापमान किती चढले ते पाहायचे, अशी ही रीत आहे. यंत्राचा गुणांक आधी बेंझोइक आम्ल जाळून ठरवतात. जळताना झालेली पाण्याची वाफ भांड्यातच पुन्हा द्रवरूप होते आणि आपली सुप्त उष्णता परत देते. ती धरून येणारे मूल्य ते स्थूल मूल्य. गुऱ्हाळाच्या भट्टीत, म्हणजे चुलवाणात, किंवा बॉयलरमध्ये ही वाफ धुराड्यावाटे निघून जाते. तिची उष्णता वजा केली की निव्वळ मूल्य उरते.

साखर अभियांत्रिकीत चिपाडासाठी ह्यूगो यांची सूत्रे रूढ आहेत. ‘ओ’ म्हणजे ओलाव्याचे आणि ‘सा’ म्हणजे साखरेचे शेकडा प्रमाण धरले, तर किलोकॅलरीतील उत्तर असे येते :

स्थूल = ४६०० − ४६ × ओ − १२ × सा
निव्वळ = ४२५० − ४८ × ओ − १० × सा

साखर कारखान्याच्या शेवटच्या घाण्यातून बाहेर पडणाऱ्या चिपाडात (कारखान्यात त्याला बगॅस म्हणतात) ५०% ओलावा आणि २% साखर धरली, तर स्थूल मूल्य २,२७६ आणि निव्वळ मूल्य १,८३० येते. फरक जवळजवळ एक पंचमांश आहे, आणि त्यावरून तज्ज्ञांत बराच वाद आहे. भारतात दगडी कोळशाची प्रतवारी २०१२ पासून स्थूल मूल्यावर होते आणि बॉयलरची कार्यक्षमताही बहुतेक ठिकाणी त्याच आधारावर सांगितली जाते. युरोपीय प्रथा निव्वळ मूल्याकडे झुकते. परिणामी निव्वळ आधारावर ८५% कार्यक्षम ठरणारा बगॅसचा बॉयलर स्थूल आधारावर ६८ टक्क्यांवर येतो, यंत्र तेच असूनही. कोळशाच्या व्यवहारात स्थूल मूल्य चालून जाते. चिपाड, जळाऊ लाकूड, शेणी अशा ओल्या किंवा हायड्रोजनयुक्त इंधनांसाठी निव्वळ मूल्यच वास्तवाशी जुळते, म्हणून पुढील सर्व हिशेब त्यावर केले आहेत.

ओलावा. गुऱ्हाळाचा चरक कारखान्याच्या घाण्यांइतका रस काढत नाही, त्यामुळे चिपाडात साखर अधिक राहते. ताज्या चिपाडात ५०% ओलावा आणि १०% साखर धरू. निव्वळ मूल्य ४२५० − २४०० − १०० = १,७५० किलोकॅलरी. तेच चिपाड गुऱ्हाळासमोरच्या मोकळ्या रानात पसरून, उलटेपालटे करून १०% ओलाव्यापर्यंत वाळवले की साखरेचे प्रमाण १८ टक्क्यांवर जाते आणि मूल्य ४२५० − ४८० − १८० = ३,५९० होते. यावरून चिपाड वाळवल्याने उष्णता दुप्पट होते, असे सर्रास सांगितले जाते. ते बरोबर नाही. वाळताना वजनही घटते. एक किलो ताज्या चिपाडाचे ५५६ ग्रॅमच उरतात, आणि त्यांपासून मिळणारी उष्णता १,९९४ किलोकॅलरी. म्हणजे खरा लाभ सुमारे १४ टक्क्यांचा. तो उन्हाने फुकट बाष्पीभवन करून दिलेल्या पाण्याचा आहे. (वाळताना काही साखर आंबून जाते, तेवढा तो आणखी कमी.)

तरीही गुऱ्हाळवाले ओले चिपाड घालायला तयार नसतात, आणि त्यांचे खरे आहे. ओल्या चिपाडाने चुलवाणाचे तापमान पडते, ज्वाला काहिलीच्या बुडापर्यंत पोचत नाही आणि पाक रेंगाळतो. आच मंद राहिली की साखरेचे विघटन वाढते, रंग काळवंडतो आणि गूळ चिवट होतो. शाहू महाराजांनी १८९५ मध्ये वसवलेल्या शाहूपुरीच्या पेठेपासून कोल्हापुरी गुळाचा भाव रंग आणि कणी पाहूनच ठरत आला आहे. हे नुकसान कॅलरीमूल्याच्या सूत्रात कुठेच दिसत नाही.

एका टनाचा हिशेब. एक टन उसापासून चरकावर ६२० किलो रस आणि ३८० किलो ताजे चिपाड निघाले, आणि शेवटी ११० किलो गूळ झाला असे मानू. रस २८ अंशांवरून १०० अंशांवर नेण्यासाठी (विशिष्ट उष्णता ०.९ धरून) ६२० × ७२ × ०.९ = सुमारे ४०,२०० किलोकॅलरी लागतात. त्यानंतर ५१० किलो पाणी वाफ करून घालवायचे, त्यासाठी ५१० × ५४० = २,७५,४००. एकूण ३,१५,६००. उकळबिंदूनंतर पाक साधारण ११८ अंशांपर्यंत चढतो, पण त्याची उष्णता अगदी थोडी असल्याने येथे सोडली आहे.

दुसऱ्या बाजूला, ३८० किलो चिपाड वाळून २११ किलो होते, आणि त्यात २११ × ३,५९० = ७,५७,५०० किलोकॅलरी असतात. गरजेला उपलब्धतेने भागले की ४२% येते. चुलवाणाची कार्यक्षमता एवढी असेल, तर उसाचे चिपाड त्याच उसाच्या रसाला पुरते. ओलेच जाळले तर ही अट ४७ टक्क्यांहून वर जाते. एका काहिलीच्या साध्या चुलवाणाची कार्यक्षमता सामान्यतः ३०% किंवा त्याहून कमी मानली जाते. ३०% धरली, तर १०,५२,००० किलोकॅलरीचे इंधन हवे आणि टनामागे २,९४,५०० किलोकॅलरीची तूट पडते. ती भरायला ८२ किलो वाळके चिपाड, ३,५०० मूल्याचे ८४ किलो लाकूड किंवा ४,००० मूल्याचा ७४ किलो कोळसा लागेल. एकाच जाळावर काहिली एकापुढे एक मांडल्या, आणि मागच्या काहिलीखालून जाणाऱ्या गरम धुरावर रस आधी तापवून घेतला, तर हीच तूट बरीच कमी होते.

उष्णता कुठे जाते. तोट्याचे मोठे कारण जाळ घालण्याच्या पद्धतीत असते. एक किलो कार्बन पूर्ण जळून कार्बन डायऑक्साइड झाला, तर सुमारे ८,०८० किलोकॅलरी देतो. हवा कमी पडून कार्बन मोनॉक्साइडवरच थांबला, तर सुमारे २,४०० देतो. एकदम मोठा भारा चुलवाणात कोंबला की हवेची वाट बंद होते, काही मिनिटे धुराड्यातून काळा धूर येतो आणि त्या वेळी अशा अर्धवट जळलेल्या कार्बनची दोन तृतीयांशांहून अधिक उष्णता वाया जाते. उलट तोंड सताड उघडे ठेवले, तर जास्तीची थंड हवा आत शिरून गरम होऊन बाहेर पडते. थोडेथोडे आणि वरचेवर घालणे हाच उपाय आहे. खुणा सोप्या आहेत. काळा धूर म्हणजे हवा कमी, पांढुरका दमट धूर म्हणजे चिपाड ओले, आणि राखेत काळे निखारे सापडले तर जाळीखालून हवा नीट येत नाही.

इंधनांची तुलना. निव्वळ कॅलरीमूल्यावरून एलपीजी (सुमारे १०,९००) वाळक्या चिपाडाच्या तिप्पट ठरतो. प्रत्यक्ष तुलना मात्र रसात किती उष्णता उतरली यावर व्हायला हवी. वरील तुटीतील उपयुक्त भाग ८८,४०० किलोकॅलरी आहे. काहिलीखालच्या गॅस बर्नरची कार्यक्षमता ५०% धरली, तर तेवढ्यासाठी १६ किलो गॅस पुरतो. ८२ किलो चिपाडाशी त्याचे प्रमाण एकास पाच येते, एकास तीन नव्हे. वरचा फरक चुलवाणाच्या कमी कार्यक्षमतेमुळे पडतो.

प्रदूषणाची तुलनाही दर किलोवर न करता दर उपयुक्त उष्णतेवर करावी लागते. काही ठिकाणी तूट जुन्या टायरने भरली जाते. त्याचे मूल्य सुमारे ७,५०० असल्याने कागदावर ३९ किलोच लागतात, आणि मोह होतो तो यामुळेच. पण रबरात १.५% गंधक धरले, तरी त्यातून ५९० ग्रॅम गंधक जळून जवळजवळ १.२ किलो सल्फर डायऑक्साइड होतो, शिवाय काजळी आणि जस्ताची संयुगे मिसळलेली राख. चिपाडात गंधक नगण्य असते. त्याच्या धुरातील त्रासदायक भाग म्हणजे उडणारी राख आणि अर्धवट जळलेले कण.

कार्बन डायऑक्साइडच्या बाबतीत चिपाडाचा आकडा वरवर वाईट दिसतो. हवामान बदलविषयक आंतरशासकीय समितीच्या (आयपीसीसी) गुणांकांनुसार एक गिगाज्यूल उष्णतेमागे एलपीजीपासून ६३ किलो, बिटुमिनस कोळशापासून ९५ किलो आणि चिपाडासारख्या जैवइंधनापासून १०० किलो वायू निघतो. तरीही राष्ट्रीय उत्सर्जनाच्या हिशेबात चिपाडाचा वायू ऊर्जेच्या बेरजेत धरत नाहीत, कारण तो कार्बन उसाने त्याच हंगामात हवेतून घेतलेला असतो. ही सवलत फक्त कार्बन डायऑक्साइडला आहे. मिथेन आणि नायट्रस ऑक्साइड मोजावेच लागतात, आणि काळा धूर सोडणाऱ्या चुलवाणातून मिथेन अधिक निघतो.