हलगी समोर होती, मग मागनं कशी वाजली?

खासबाग मैदानात कुस्त्या बघायला गेलो तेव्हा मी दोन्ही कानांच्या भोकांशी एकेक बारीक माइक बसवला होता. हलगीवाला समोर, पण थोडा उजवीकडे होता. घरी आल्यावर ते रेकॉर्डिंग मी हेडफोनवर ऐकलं आणि हलगी जिथल्या तिथे सापडली. मग चुलतभावाला ऐकवलं. डोळे मिटून ऐकता ऐकता त्याने मानच वळवली. म्हणाला, “दादा, हलगी मागनं वाजत्या की!”

उजवी बाजू त्याने बरोबर ओळखली होती. चुकलं ते फक्त पुढचं-मागचं.

उजवी बाजू कळते ती मुख्यतः वेळेवरून. हलगीवाला नाकाच्या रेषेपासून ४५ अंश उजवीकडे आहे असं धरा. टिपरूचा ठोका आधी उजव्या कानात पोचतो. डाव्या कानात जायला त्याला डोक्याला वळसा घालावा लागतो. साधारण १७-१८ सेंटीमीटर रुंद डोक्यासाठी हा उशीर ०.३८ मिलिसेकंद भरतो. आवाज अगदी कानाच्या बाजूने आला तरी तो ०.६५ मिलिसेकंदाच्या आसपासच जातो. एवढ्याशा फरकावरून मेंदू दिशा काढतो.

दुसरी खूण जोराची. डोकं आवाजाच्या वाटेत आडवं येतं, त्यामुळे पलीकडच्या कानावर सावली पडते. पण ही सावली सगळ्या आवाजांची सारखी पडत नाही. २०० हर्ट्झच्या खर्जातल्या आवाजाची लाट जवळजवळ १.७ मीटर लांब असते. डोकं तिला काय अडवणार, ती सहज वळसा घालून जाते. हलगीच्या कडक ‘तड्’मध्ये मात्र हजारो हर्ट्झचे बारीक स्वर असतात. त्यांच्या लाटा डोक्यापेक्षा आखूड असल्याने ते चांगलेच अडतात. बाजूने येणाऱ्या अशा आवाजात दोन कानांमधला फरक १५-२० डेसिबलपर्यंत जातो. खर्ज वेळेवरून आणि टीप जोरावरून ओळखायची, ही कामाची वाटणी लॉर्ड रॅली यांनी १९०७मध्येच मांडली होती.

हे दोन्ही फरक संगणकावर हातानेही घालता येतात. सेकंदाला आवाजाचे ४८,००० नमुने घेणाऱ्या रेकॉर्डिंगमध्ये ०.३८ मिलिसेकंद म्हणजे १८ नमुने. मी हलगीचा एकच ट्रॅक दोन्हीकडे ठेवला, डावा १८ नमुन्यांनी मागे सरकवला आणि त्यातले टिपेचे स्वर कमी केले. हलगी उजवीकडे सरकली खरी, पण डोक्याबाहेर काही पडेना! उजव्या कानाच्या आतच कुठेतरी वाजत राहिली.

खरी मेख पुढे आहे. ४५ अंश समोरून येणारा आवाज आणि तितकाच तिरपा मागून येणारा आवाज, दोघांचाही उशीर ०.३८ मिलिसेकंदच. जोरातला फरकही जवळपास तोच. मग पुढचं-मागचं ठरवायचं कशावरून? तर कानाच्या पाळीवरून.

बाहेरच्या कानाच्या घड्या उगीच नाहीत. थोडा आवाज सरळ भोकात शिरतो, थोडा वाटीसारख्या खळग्यावर आपटून मग आत येतो. आपटून येणाऱ्याला समजा २.१ सेंटीमीटर जास्त वाट पडली, तर ८,००० हर्ट्झच्या आसपास दोघे एकमेकांना खोडतात आणि त्या जागी आवाजात खाच पडते. स्रोत वर-खाली झाला की खाच सरकते. मागून येणाऱ्या बारीक स्वरांना तर पाळीच आडवी येते. हे ठसे मेंदूने लहानपणापासून पाठ केलेले असतात, पण स्वतःच्या कानांचे. भावाच्या कानात तीच वाट १.७ सेंटीमीटर असेल, तर त्याची खाच १०,००० हर्ट्झजवळ पडणार. माझ्या कानांचा ठसा त्याला वाचता येईना. त्यातून समोर कोणी दिसतही नाही. अशा वेळी मेंदू बहुधा आवाज पाठीमागे टाकतो.

खात्री करायची तर थोडी कणीक घ्या. भोक मोकळं ठेवून दोन्ही कानांच्या घड्या तिने बुजवा, डोळे मिटा आणि कुणाला तरी किल्ल्या वाजवायला सांगा. डावं-उजवं कळेल, पण वर-खाली आणि पुढे-मागे फसगत होईल. (कणीक भोकात ढकलू नका, काढताना रडायची वेळ येईल.)

बाजारातली सॉफ्टवेअर अनेकदा पुतळ्याच्या कानांवर भागवतात. १९९४मध्ये एमआयटीत केमार नावाच्या पुतळ्याच्या कानांत माइक ठेवून ७१० जागांवरून येणारा आवाज मोजला गेला. अशा मोजमापांतून कोणताही आवाज गाळून काढला की त्याला त्या जागेचा ठसा मिळतो. तुमचे कान पुतळ्याशी किती जुळतात, त्यावर पुढचं अवलंबून.

मान हलवणं हा दुसरा उपाय. समोरचा आवाज मान उजवीकडे वळवल्यावर डाव्या कानात आधी पोचतो, मागचा उजव्या. साध्या हेडफोनमध्ये अख्खं मैदानच मानेबरोबर फिरतं, म्हणून ही पडताळणी होत नाही. मानेची हालचाल टिपणाऱ्या हेडफोनमध्ये ती होते आणि पुढच्या-मागच्याचा घोळ बराच कमी होतो.

पुढच्या कुस्त्यांना माइक भावाच्या कानात होते. त्याचं रेकॉर्डिंग मी ऐकलं. त्याला हलगी बरोबर समोर ऐकू येत होती, माझ्या मात्र ती फेट्यावर बसून वाजत होती.