ताटातील रंगमांडणी

ताटातील रंगमांडणी : साध्या घरगुती जेवणातील पदार्थ शिजवताना त्यांचा मूळ रंग शक्य तितका राखणे आणि वाढताना ते अशा जागी व अशा शेजारात ठेवणे, की प्रत्येक पदार्थ वेगळा उठून दिसावा. उपाहारगृहांतील सजावटीत रस्सा ठिपक्यांनी सोडणे, फुले लावणे, पदार्थ उंच रचणे इत्यादी प्रकार येतात. त्यांचा विचार येथे केलेला नाही. घरच्या ताटात बहुतेक पदार्थ पांढरा, पिवळसर आणि तपकिरी या पट्ट्यातले असतात. त्यामुळे व्यवहारात सारा प्रश्न त्यातल्या एखाद्या हिरव्या पदार्थाभोवती फिरतो : तो हिरवा राहतो का, आणि कोणाशेजारी बसतो.

हिरवा रंग टिकवण्याचे प्रयत्न : भाजीचा रंग जेवणाऱ्याच्या मनावर परिणाम करतो, ही जाणीव जुनी आहे. पालेभाज्या नायट्रम या खनिज क्षारासह शिजवल्यास पाचूसारख्या हिरव्या होतात, अशी सूचना एपिसियस याच्या नावावर असलेल्या रोमन पाककृतीसंग्रहात आढळते. नायट्रम म्हणजे मुख्यतः सोडियम कार्बोनेट असलेला क्षार, म्हणजे धुण्याच्या सोड्याचा नैसर्गिक भाऊ. ही सूचना किती जुनी मानावी, हा वादाचा मुद्दा आहे. एपिसियस नावाचा खवय्या सम्राट टायबीरियसच्या काळात (इ. स. १४–३७) होऊन गेला, म्हणून काहींनी ती पहिल्या शतकाच्या पूर्वार्धातली ठरवली. परंतु संग्रह आज ज्या रूपात मिळतो, ते रूप चौथ्या शतकाच्या अखेरीचे किंवा पाचव्या शतकाच्या आरंभीचे असावे, असे बहुतेक अभ्यासक मानतात, आणि त्याची जुनी हस्तलिखिते तर नवव्या शतकातली आहेत. केवळ या संग्रहावर विसंबून पहिले शतक गाठणे धाडसाचे ठरेल. सुदैवाने त्याची गरजही नाही. थोरल्या प्लिनीने इ. स. ७७ च्या सुमारास लिहिलेल्या निसर्गविषयक ग्रंथात या क्षाराने भाज्या अधिक हिरव्या होतात, अशी नोंद आहे. त्यानंतर काही वर्षांनी मार्शल या कवीने दोन ओळींच्या एका कवितेत, फिकट पडलेल्या कोबीचा वीट येऊ नये म्हणून तो याच क्षाराच्या पाण्यात शिजवावा, असे सुचवले आहे. पहिल्या शतकाच्या उत्तरार्धात ही युक्ती रूढ होती, एवढे या दोन उल्लेखांवरून म्हणता येते. मार्शलचा उल्लेख अधिक बोलका वाटतो, कारण त्यात चवीचा विषयच नाही. तक्रार केवळ दिसण्याची आहे.

युक्तीमागचे रसायन उलगडायला बराच काळ लागला. पानांतील हरितद्रव्य पेल्त्ये आणि काव्हांतू या फ्रेंच रसायनज्ञांनी १८१७-१८ च्या सुमारास वेगळे केले. त्याच्या रेणूत मॅग्नेशियम हा अविभाज्य घटक असतो, हे रिखार्ट व्हिलश्टेटर यांच्या संशोधनातून स्पष्ट झाले. वनस्पतींतील रंगद्रव्यांवरील कामासाठी त्यांना १९१५ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. भाजी तापली की पेशी फुटतात व त्यांतील आम्ले हरितद्रव्यापर्यंत पोहोचतात. मॅग्नेशियमचा अणू निघून त्याच्या जागी हायड्रोजन बसतो आणि रेणूचा रंग हिरव्याचा मळकट तपकिरी-हिरवा होतो. क्षाराने आम्ल मारले जाते, म्हणून रंग टिकतो. मात्र त्याच क्षारामुळे पेशींच्या भिंती सुटतात, भाजी लवकर गिळगिळीत होते आणि ब१ व क जीवनसत्त्वांचा ऱ्हास वाढतो. चिमूटभर खाण्याचा सोडा घालण्याची सवय आजही आढळते. पण बोटाने दाबताच चिरडणारी चमकदार हिरवी भाजी हा तिचा नेहमीचा परिणाम असतो.

सोड्याशिवाय हेच साधायचे, तर वेळ आणि पाणी हाताशी असतात. भाजी उकळत्या पाण्यात टाकताच काही सेकंदांत तिचा हिरवा रंग आधीपेक्षा झळाळतो. हे रंगद्रव्य वाढल्यामुळे होत नाही. पेशींमधील हवेच्या बारीक पोकळ्या प्रकाश विखुरतात. ती हवा निघून गेल्यामुळे रंग स्वच्छ दिसतो. त्यानंतर पाचसात मिनिटांच्या पुढे रंग उतरू लागतो. भांडे मोठे व पाणी भरपूर असेल, तर भाजीतून निघालेले आम्ल विरळ होते आणि भाजी टाकल्यावर उकळीही फार काळ मोडत नाही. झाकण उघडे ठेवल्यास आम्लाचा काही भाग वाफेबरोबर निघून जातो. मीठ घालण्याचा रंगावर होणारा परिणाम मात्र किरकोळ आहे. ते चवीसाठी घालावे.

शेजारच्या रंगाचा परिणाम : एखादा रंग कसा दिसतो, हे त्याच्या शेजारावर अवलंबून असते. याला समकालिक रंगविरोध म्हणतात. ॲरिस्टॉटलने पांढऱ्या व काळ्या लोकरीवर एकच जांभळा धागा वेगळा भासतो असे नोंदवले होते, आणि अकराव्या शतकात इब्न अल्-हैथम यानेही अशा प्रकारच्या आभासांची चर्चा केली. तरी नियमाचे श्रेय साधारणपणे मिशेल युजीन शेव्ह्रल यांनाच देतात, आणि ते रास्त आहे. आधीच्यांनी निरीक्षण नोंदवले, त्यांनी ते पद्धतशीर मांडले. पॅरिसच्या गोबलँ या चित्रविणीच्या कारखान्यात ते १८२४ पासून रंगाई विभागाचे प्रमुख होते. काळा रंग निळ्या-जांभळ्यालगत फिका पडतो, अशी विणकरांची तक्रार होती. शेव्ह्रल यांनी तपासले तेव्हा रंगाईत दोष सापडला नाही. दोष शेजारात होता. १८३९ मध्ये त्यांनी प्रसिद्ध केलेल्या ग्रंथाचा गाभा असा : लगतचे दोन रंग एकमेकांना परस्परांच्या पूरक, म्हणजे रंगचक्रात समोर येणाऱ्या, रंगाकडे ढकलतात, शिवाय फिका अधिक फिका आणि गडद अधिक गडद भासतो.

ताटावर हा नियम लावला की हिरव्याचे महत्त्व कळते. तपकिरी हा मुळात मंद, गडद नारिंगी असतो. स्वच्छ हिरव्याशेजारी तो किंचित लालसर, म्हणजे भाजल्यासारखा ऊबदार दिसतो, तर हिरवा थोडा निळसर आणि ताजा वाटतो. मात्र भाजी जास्त शिजून मळकट झाली, तर तिच्यात व तपकिरीत फारसे अंतरच उरत नाही आणि दोन्ही पदार्थ मरगळतात. म्हणजे मांडणीचे निम्मे काम चुलीवरच होते किंवा बिघडते.

या नियमाला एक मर्यादा आहे, आणि पाककृतींच्या पुस्तकांत तिच्याकडे सहसा दुर्लक्ष होते. रंगाचे तुकडे फार बारीक आणि एकसारखे पसरलेले असले, तर डोळा विरोध पाहण्याऐवजी ते मिसळून पाहतो. व्हिल्हेल्म फॉन बेत्सोल्ट यांनी १८७४ मध्ये गालिच्यांच्या नक्ष्यांवरून याचे वर्णन केले. सगळ्या ताटावर भुरभुरलेली बारीक हिरवी पाने म्हणूनच अनेकदा ताट उजळण्याऐवजी करडे करतात. तीच पाने जाडसर चिरून एका जागी ठेवली, तर रंग म्हणून वाचली जातात.

उदाहरण : भात, शिजवलेले अख्खे मसूर, परतलेला बटाटा आणि फरसबी असे चौघांचे जेवण घेऊ. चारांपैकी तीन पदार्थ पांढऱ्या ते तपकिरी पट्ट्यातले आहेत. पाव किलो फरसबी अडीच लिटर खळखळत्या पाण्यात, झाकण न ठेवता, तीन ते चार मिनिटे शिजवावी. एक शेंग काढून चावून पाहावी. दाताला थोडा अडसर जाणवला की पुरे. लगेच गार पाण्यात एखादे मिनिट बुडवून निथळावी व कोरडी करावी, नाहीतर आतल्या उष्णतेने ती शिजतच राहते आणि ताटात पाणी सुटते. वाढण्याआधी गरम तव्यावर थेंबभर तेलात अर्धा मिनिट फिरवली की झाले. लिंबू पानावर बसल्यावरच पिळावे. आधी पिळून ठेवलेल्या गरम शेंगा थोड्याच वेळात पिवळट पडतात.

वाढताना सर्वांत सोपी चूक म्हणजे भात आणि बटाटा शेजारी ठेवणे. दोन फिके ढीग मिळून एकच मोठा फिका भाग होतो. त्याऐवजी ताटाच्या एका टोकाला भात, त्यालगत फरसबीचा एकाच दिशेने लावलेला पट्टा, पलीकडे मसूर आणि दुसऱ्या टोकाला बटाटा अशी रांग लावावी. फिका, हिरवा, गडद, फिका असा क्रम होतो आणि हिरव्याला एका बाजूस पांढरा, दुसऱ्या बाजूस तपकिरी शेजार मिळतो. मसूर दाटसर हवेत. ते पातळ असतील तर हिरव्याखाली वाहत जाऊन कड पुसतात. मग वाटीच बरी. टोमॅटोच्या चार मोठ्या फोडी भाताच्या बाहेरच्या कडेला ठेवाव्यात. लालाचा शेजार हिरव्याला सर्वांत जास्त उठाव देतो हे खरे, परंतु टोमॅटोचा आंबट रस गरम शेंगांना लागला की त्यांचा रंग उतरतो, म्हणून येथे दुरूनच विरोध साधलेला बरा. बीट असल्यास त्याचे रंगद्रव्य पाण्यात सहज विरघळते. ते भातापासून लांब, कोरडे आणि सर्वांत शेवटी वाढावे.

ताटाचा रंग : पांढऱ्या ताटात भाताची कड हरवते, वरील फोडी तिथे ठेवण्याचे तेही एक कारण. ताट आणि अन्न यांच्यातील विरोध केवळ शोभेचा नसतो. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात, प्रगत अल्झायमर असलेल्या रुग्णांना पांढऱ्याऐवजी ठळक लाल भांड्यांत जेवण दिले, तेव्हा त्यांनी सुमारे २५ टक्के जास्त अन्न घेतले. रुग्ण मोजकेच होते आणि निरोगी माणसांना हा आकडा लावता येणार नाही. रुग्णांमध्ये दृष्टीची विरोध ओळखण्याची क्षमता घटलेली असते, हे त्याचे संभाव्य कारण दिले जाते.

उजेड : पिवळट दिव्याखाली भात व बटाटा आणखी पिवळे दिसतात. लाल छटा नीट न दाखवणाऱ्या स्वस्त एलईडी दिव्याखाली टोमॅटो तपकिरीकडे झुकतो. मांडणी बरोबर असूनही ताट निस्तेज वाटले, तर ते खिडकीजवळ नेऊन पाहावे. तिथे खुलले तर कारण दिव्यात आहे. लाल-हिरवा भेद न जाणवणाऱ्या व्यक्तींना, म्हणजे उत्तर युरोपीय वंशाच्या पुरुषांत सुमारे ८ टक्के, वरील लाल-हिरव्या योजनेचा उपयोग होत नाही. त्यांच्यासाठी फिक्या-गडदाचा क्रम तेवढा उरतो. तो तपासायला ताटाचे कृष्णधवल छायाचित्र पुरते : त्यात चारही पदार्थांच्या कडा ओळखू आल्या पाहिजेत.