तुमच्या व्हिडिओला दृश्यवर्णन: काम कसं होतं आणि आम्हाला काय लागतं

अंध किंवा कमी दिसणाऱ्या प्रेक्षकाला संवाद आणि आवाज कळतात. न बोलता घडलेलं निसटतं. संवादांमधल्या मोकळ्या जागेत तेवढंच सांगणारं निवेदन म्हणजे दृश्यवर्णन, अर्थात ऑडिओ डिस्क्रिप्शन.

सगळी कसरत जागेची असते. समजा, दोन संवादांमध्ये ५ सेकंद मोकळे आहेत. दोन्ही टोकांना अर्धा-अर्धा सेकंद सोडला की ४ उरतात. मराठीत सावकाश वाचताना सेकंदाला साधारण दोन शब्द बसतात, म्हणजे आठ शब्द. पहिला मसुदा असा होतो: ‘सुमन स्वयंपाकघरात येते, इकडेतिकडे घाबरून बघते आणि हातातलं निळं पाकीट पटकन पिठाच्या डब्यात लपवते.’ हे चौदा शब्द झाले. घाईने वाचून कोंबले तर ऐकणाऱ्याची दमछाक होते, म्हणून छाटणी करायची. स्वयंपाकघर पिठाच्या डब्यावरून कळतं. ‘घाबरून’ हा आपला निष्कर्ष आहे, तो प्रेक्षकाला काढू द्यावा. ‘निळं’ मात्र ठेवायचं, कारण तेच पाकीट पुढे पुन्हा दिसणार आहे. उरतं ते असं: ‘सुमन कानोसा घेत निळं पाकीट पिठाच्या डब्यात खुपसते.’ बरोबर आठ शब्द. झाकणाचा आवाज येण्याआधी हे वाक्य संपायला हवं, नाहीतर तो खणखणाट कशाचा हे कळत नाही.

मराठीत आणखी एक अडचण आहे. क्रियापद लिंग सांगून टाकतं. तोंड झाकलेला चोर कोण, हे गुपित असेल तर ‘आत शिरतो’ म्हटल्याबरोबर निम्मं गुपित फुटतं. तिथे आम्ही ‘काळी आकृती आत शिरते’ असं लिहितो. पात्राचं नावही चित्रपटाने सांगितल्याशिवाय आधी घेत नाही, अपवाद फक्त नाव लपवण्यात काही अर्थ नसेल तेव्हाचा.

निवेदनाच्या वेळी पार्श्वसंगीत ६ ते १० डेसिबलने हळूहळू खाली आणतो. एकदम पाडलं तर दृश्यात खड्डा पडल्यासारखं वाटतं. पडद्यावरची पाटी, तारीख, मोबाइलवरचा संदेश वाचून दाखवावाच लागतो. आकडे आणि तक्ते भराभर येणाऱ्या प्रशिक्षणपटात मोकळी जागाच नसते. तिथे चित्र थोडा वेळ थांबवणारी वेगळी आवृत्ती करावी लागते, आणि व्हिडिओची लांबी वाढते.

अंतिम संकलन झाल्यावरच फाइल द्या. २४ फ्रेमची प्रत आम्हाला दिली आणि प्रदर्शनासाठी तीच वेग वाढवून २५ फ्रेमची केली, तर १० मिनिटांचा व्हिडिओ ९ मिनिटं ३६ सेकंदांचा होतो. निवेदन सुरुवातीला जुळतं, मग मागे पडत जातं आणि शेवटी २४ सेकंद उशिरा येतं. म्हणून फ्रेमदर आधीच कळवा. सोबत संवादांची संहिता आणि निवेदनाविना मूळ आवाजाची फाइल पाठवा.

मिश्रणानंतर एक अंध परीक्षक पूर्ण व्हिडिओ ऐकून काय घडलं ते सांगतात. पाकीट कुठे गेलं हे त्यांना सांगता आलं नाही, तर ते वाक्य आम्ही पुन्हा लिहितो आणि पुन्हा ध्वनिमुद्रित करतो.