१२३५ नंबर कोणाचा?

"गिटहब बंद पडलंय, कमिट करता येत नाहीये," असं म्हणून आमच्या टीममधला नवा मुलगा परवा डबा खायला निघाला. त्याला परत बोलावलं. गिटहब बंद असलं तर अडतो तो पुश, म्हणजे बदल तिकडच्या सर्व्हरवर पाठवणं. कमिट म्हणजे बदलाची इतिहासात नोंद, आणि गिटमध्ये ती होते त्याच्याच लॅपटॉपवरच्या `.git` फोल्डरमध्ये, त्याला वाय-फायसुद्धा लागत नाही.

त्याला हसायचा मला हक्क नाही, कारण आम्ही कोडचा इतिहास ठेवणाऱ्या सबव्हर्जन या जुन्या साधनावर वाढलो आणि तिथे खरोखर तसंच होतं. सगळा इतिहास एका सर्व्हरवर आणि आपल्याकडे एका आवृत्तीची प्रत. `svn commit` म्हटलं की बदल थेट सर्व्हरवर जायचा आणि `svn log` म्हटलं तरी तिथेच विचारणा व्हायची. सर्व्हर झोपला की सगळं ऑफिस चहाच्या टपरीवर. शिवाय कमिट म्हणजे सगळ्यांच्या डोळ्यांसमोर, त्यामुळे अर्धवट काम चढवायला कोणी धजत नसे. आठवडाभराचं काम शुक्रवारी संध्याकाळी एका दमात चढायचं आणि सोमवारी त्यातलं नेमकं काय बिघडलं ते शोधत बसायचं.

सबव्हर्जनची एक सोय मात्र मला अजूनही आवडते. प्रत्येक बदलाला साधा नंबर असे: `r1234`, मग `r1235`. बँकेतल्या टोकनसारखा तो सर्व्हर द्यायचा. आता समजा सगळा इतिहास प्रत्येकाकडे आहे. मी पुण्यात आणि सहकारी नागपुरात, दोघंही इंटरनेटशिवाय कमिट करतोय. दोघांकडे शेवटचा नंबर १२३४. मग १२३५ कोणाचा? टोकन देणारी खिडकीच उरलेली नाही.

लिनस टोरवाल्ड्सने २००५ च्या एप्रिलमध्ये लिनक्स कर्नलसाठी गिट लिहायला घेतलं, तेव्हा त्याने यावर निवडलेला तोडगा मला फार आवडतो: नंबर कोणाकडे मागायचाच नाही, मजकुरातूनच काढायचा. लिनक्स किंवा मॅकवर हे करून बघा:

```
$ echo hello | git hash-object --stdin
ce013625030ba8dba906f756967f9e9ca394464a
```

ही ४० अक्षरं म्हणजे हॅश, आणि तुमच्याकडेही तो हाच येईल, कारण तो SHA-1 या गणिती कृतीतून मजकुरापासूनच निघतो. एक अक्षर बदललं तर सगळा हॅश वेगळा. कमिटचंही तसंच आहे. त्यात फाईलींच्या झाडाचा हॅश, लेखक, वेळ, संदेश आणि आधीच्या कमिटचा हॅश असतो, आणि या सगळ्याचा मिळून नवा हॅश निघतो. म्हणजे तीन वर्षांपूर्वीच्या एका ओळीत कोणी गुपचूप स्वल्पविराम घातला, तरी तिथून आजपर्यंतच्या प्रत्येक कमिटचं नाव बदलतं.

याची परीक्षा २०११ मध्ये झाली. कर्नलचा कोड जिथे ठेवतात त्या kernel.org च्या सर्व्हरमध्ये ऑगस्टमध्ये घुसखोरी झाल्याचं कळलं. घुसखोरांना रूट अधिकार मिळाले होते. तरी कोडच्या इतिहासाबद्दल फारशी घबराट झाली नाही. हजारो लोकांकडे तोच इतिहास होता, त्यामुळे सर्व्हरवर जुनं काही बदललं असतं तर पुढच्या पुलला, म्हणजे सर्व्हरवरून नवे बदल ओढून घेताना, हॅश जुळले नसते आणि फेरफार उघडा पडला असता.

हे ऐकून हमखास कोणीतरी म्हणतं, "म्हणजे ब्लॉकचेनच की!" साखळीची युक्ती तीच, पण कोणता इतिहास खरा यावर एकमत घडवणारं यंत्र गिटमध्ये नाही. ते माणसंच ठरवतात, म्हणून बहुतेक टीम एक रिपॉझिटरी, म्हणजे इतिहासासकट कोडची एक प्रत, मुख्य मानतात. आणि SHA-1 अभेद्यही नाही. एकच हॅश असलेल्या दोन वेगळ्या पीडीएफ फाईली २०१७ मध्ये बनवून दाखवल्या गेल्या, त्यानंतर गिटने असा हल्ला ओळखणारी SHA-1 ची आवृत्ती घेतली.

रोजच्या कामात फरक पडतो तो असा. कमिट खाजगी झाल्यामुळे मी ते दिवसातून दहादा करतो, अगदी 'अजून चालत नाही' असा संदेश लिहूनसुद्धा. पुश करण्याआधी `git rebase -i` ने ते नीट लावून घेतो. पुश झाल्यावर मात्र हे करायचं नाही, कारण तसं केलं की हॅश बदलतात, सहकाऱ्याकडे जुनी साखळी असते आणि त्याच्या पुढच्या पुलला तेच बदल दोनदा दिसायला लागतात. उलट बाजूने, पुश न केलेलं काम एकाच डिस्कवर असतं. ती डिस्क गेली की काम गेलं.

त्या नव्या मुलाने जेवून आल्यावर कमिट केलं, त्यात डेटाबेसचा पासवर्ड होता. गिटहब सुरू झाल्यावर ते पुशही झालं. "ओळ काढून परत कमिट केलंय," तो म्हणाला. ओळ ताज्या फाईलमधून गेली, पण आदल्या कमिटमध्ये आहेच, आणि तोवर चार जणांनी पुल केलं होतं. मुख्य रिपॉझिटरी साफ केली असती तरी त्यांच्या लॅपटॉपवरचं कोण पुसणार? आम्ही पासवर्डच बदलला.