टार्टची पारी आक्रसते का, ढासळते का? आधी ते ओळखा

आमच्याकडून टार्टचं भांडं नेणारे ग्राहक काही दिवसांनी बहुधा एकच तक्रार घेऊन येतात. पारी भांड्यात काठापर्यंत नीट बसवली होती, पण भाजून बाहेर काढली तेव्हा ती अर्धीच उरली होती. भांडं बदलून हा प्रश्न सुटत नाही. इथे दोन वेगवेगळे दोष असतात आणि त्यांचे उपायही वेगळे आहेत. म्हणून दुसरी पारी करायला घेण्याआधी बिघडलेली पारी नीट पाहावी, टाकून देऊ नये.

पारीची कड सगळीकडून खाली आली असेल, भिंतीची जाडी वरपासून खालपर्यंत सारखी असेल आणि पारी भांड्यापासून सुटून आत ओढली गेली असेल, तर ती आक्रसली आहे. याचं कारण मैद्यातलं ग्लूटेन. भिंत वरच्या बाजूला पातळ झाली असेल, तळाच्या कोपऱ्यात जाड वळी साचली असेल, कडेला लोणी सुटल्याची तेलकट खूण दिसत असेल, तर ती ढासळली आहे. म्हणजे पीठ घट्ट होण्याआधीच लोणी वितळलं आणि भिंत स्वतःच्या भाराने खाली घसरली. आक्रसण्यावर उपाय पीठ मुरवण्याचा आहे, ढासळण्यावर थंडाव्याचा आणि भाजताना पारीत भरायच्या वजनांचा. बरेच जण यातला एकच उपाय करतात आणि दुसऱ्या दोषात सापडतात.

उदाहरणासाठी २३ सेंटिमीटर व्यासाचं, अडीच सेंटिमीटर उंचीचं, सुट्ट्या तळाचं भांडं घेऊ. त्यात लेमन कर्ड भरायचं आहे, म्हणजे पारी आधी पूर्ण भाजून घ्यायची आहे.

पीठ

मैदा २०० ग्रॅम, बिनमिठाचं लोणी १०० ग्रॅम, पिठीसाखर ८० ग्रॅम, फेटलेलं अंडं ४० ग्रॅम आणि चिमूटभर मीठ. लोणी बोट दाबलं की खळगा पडेल इतपतच मऊ असावं, वितळलेलं नको. घरी कढवण्यासाठी काढलेलं लोणी वापरू नका, त्यात पाणी जास्त असतं. लोणी आणि पिठीसाखर एकत्र करा, अंडं घाला, मग मैदा आणि मीठ घालून कोरडं पीठ दिसेनासं होईपर्यंतच हलक्या हाताने गोळा करा. पोळीची कणीक मळायची सवय असलेल्या हाताला इथे आवरावं लागतं. जितकं मळाल तितकं ग्लूटेन तयार होईल आणि पारी तितकी आक्रसेल.

अंडं चालत नसेल तर त्याऐवजी दोन मोठे चमचे, म्हणजे साधारण ३० मिलिलिटर थंड दूध घाला. पण भाजताना अंडं पारीला धरून ठेवण्याचं काम करतं. ते नसल्यामुळे दुधाची पारी ढासळण्याची शक्यता जास्त असते. तिच्यातली वजनं पाच मिनिटं उशिरा काढा.

थंड झालं म्हणजे मुरलं असं नाही

या पत्रकातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच आहे. गोळा चपटा करून, साधारण दोन सेंटिमीटर जाडीची वडी करून, प्लास्टिकमध्ये गुंडाळून फ्रीजमध्ये ठेवला की दोन कामं होतात. लोणी पुन्हा घट्ट होतं, आणि मळताना ताणलं गेलेलं ग्लूटेन हळूहळू सैल पडतं. पहिलं काम थंडाव्याचं आहे, दुसरं वेळेचं. घाई असली की लोक गोळा पंधरा मिनिटं फ्रीझरमध्ये टाकतात. तो हाताला टणक लागतो, म्हणून तयार झाला असं वाटतं. प्रत्यक्षात फक्त लोणी गोठलेलं असतं, ग्लूटेनचा ताण तसाच राहिलेला असतो. असा गोळा ओव्हनमध्ये गेला की लोणी सैल पडतं आणि तो ताण पारीला आत ओढतो.

म्हणून किमान दोन तास फ्रीजमध्ये, आणि जमलं तर रात्रभर. रात्रभर मुरलेलं पीठ लाटायला बरंच सोपं जातं, कारण मैद्यात ओल सगळीकडे सारखी पोहोचलेली असते आणि कडा फाटत नाहीत.

मुरलं आहे की नाही हे तपासायला, पिठाच्या छोट्या तुकड्याची लाटी लाटून वाटीने गोल कापा आणि मिनिटभर तसाच राहू द्या. मग वाटी पुन्हा त्यावर ठेवा. करंजीची पारी पीठ मुरायच्या आत लाटली तर जशी मागे ओढली जाते, तसा हा गोलही लहान किंवा लांबट झाला असेल, तर पीठ अजून तासभर फ्रीजमध्ये जाऊ द्या.

लाटताना दोन बेकिंग पेपरच्या मधे लाटा, म्हणजे वरून मैदा भुरभुरावा लागत नाही. जाडी तीन मिलिमीटर आणि व्यास साधारण ३० सेंटिमीटर ठेवा. दर दोन-तीन वेळा लाटणं फिरवलं की पीठ थोडं वळवा. एकाच दिशेने लाटलेली पारी त्याच दिशेने आक्रसते आणि गोल टार्ट लंबगोल होतो. एप्रिल-मे महिन्यात, विशेषतः विदर्भात आणि मराठवाड्यात, पीठ लाटता लाटताच चमकू लागतं आणि कागदाला चिकटतं. मैदा घालून ते सावरू नका. कागदासकट ताटात घालून दहा मिनिटं फ्रीजमध्ये ठेवा आणि मग पुढे लाटा.

भांड्यात बसवताना पीठ ताणू नका, हा नियम सर्वांत जास्त मोडला जातो. पारी भांड्याच्या तळापर्यंत पोहोचत नाही असं दिसलं की आपण ती बोटांनी खाली ढकलतो, आणि ढकलताना ती ताणली जाते. त्याऐवजी पारीची कड एका हाताने उचलून धरा आणि पीठ आपल्या भाराने कोपऱ्यात उतरू द्या. मग फक्त दाबून चिकटवा. काठाबाहेर सेंटिमीटरभर पीठ लोंबतं ठेवा. ते आत्ता कापू नका.

आता पारी पुन्हा मुरली पाहिजे, कारण लाटण्याने ग्लूटेन परत ताणलं गेलेलं आहे. पाऊण तास फ्रीजमध्ये ठेवा, मग वीस मिनिटं फ्रीझरमध्ये. फ्रीझरची जागा इथे आहे: ताण फ्रीजमध्ये उतरलेला असतो, आता भिंत टणक होऊन उभी राहायला हवी. फ्रीझरमधून काढल्यावर लोंबतं पीठ धारदार सुरीने कापा, ते सरळ कापलं जातं. कापलेलं पीठ झाकून बाजूला ठेवा, पुढे लागेल. ते पुन्हा गोळा करून लगेच दुसरा टार्ट लाटू नका. दोनदा लाटलेलं पीठ सर्वांत जास्त आक्रसतं. लाटायचंच असेल तर आधी त्यालाही दोन तास द्या.

वजनं काठापर्यंत

ओव्हनमध्ये गेल्यावर लोणी आधी सैल होतं, तेव्हा अंडं आणि मैदा अजून पारीला धरून ठेवण्याइतके घट्ट झालेले नसतात. या मधल्या वेळात भिंतीला आतून आधार लागतो आणि तोच वजनं देतात. तळ फुगू नये म्हणून वजनं घालतात, हेही खरंच आहे. पण तेवढंच समजून तळावर एक थर पसरला तर तळ सपाट राहतो आणि भिंत कोसळते. वजनं काठापर्यंत भरा, आणि कडेकडेने बोटांनी दाबून भिंतीला भिडवा.

आमच्याकडे मिळणाऱ्या चिनी मातीच्या गोळ्यांचा एक डबा २३ सेंटिमीटरच्या भांड्याला काठापर्यंत पुरत नाही, हे आम्ही विकतानाच सांगतो. दुसरा डबा घ्यायलाच हवा असं नाही. गोळ्या कडेने रचा आणि मधली जागा कोरड्या तांदळाने भरा. गोळ्या अजिबात नसतील तर सुमारे पाऊण किलो राजमा किंवा काबुली चणे पुरतात. साखरही चालते. ती बारीक असल्याने भिंतीला सगळीकडे भिडते, आणि हलकी भाजली गेली तरी नंतर वापरता येते. राजमा मात्र नंतर नीट शिजत नाही. तो वेगळ्या बरणीत ठेवा आणि बरणीवर तसं लिहा, म्हणजे घरात कोणी भिजत घालणार नाही. जुन्या राजम्याला खवट वास येऊ लागला की तो टाकून द्या, तो वास पारीत उतरतो.

वजनांखाली बेकिंग पेपर हवा. मेणाचा लेप असलेला कागदही बाजारात बटर पेपर म्हणून मिळतो, तो ओव्हनमध्ये घालायचा नाही. कागद आधी हातात चुरगाळून मऊ करा, मग उलगडा. कडक कागद कोपऱ्यात बसत नाही, तिथे पोकळी राहते आणि भिंत नेमकी त्या पोकळीत घसरते.

ओटीजी असेल तर वरची-खालची दोन्ही कॉइल लावून १८० अंशांवर वीस मिनिटं तापवा, पंखा बंद ठेवा, आणि ओव्हनमध्ये रिकामा ट्रे ठेवून तोही तापू द्या. फ्रीझरमधली पारी थेट त्या तापलेल्या ट्रेवर ठेवा. ओव्हन पुरता तापलेला नसेल तर लोणी वितळायला भरपूर वेळ मिळतो आणि आधीची सगळी मेहनत फुकट जाते.

वीस-बावीस मिनिटांनी कड फिकट सोनेरी दिसेल. कागदाचं एक टोक उचलून पाहा. तो पिठाला न चिकटता सुटला तर वजनांसकट कागद उचलून काढा. चिकटत असेल तर आणखी तीन मिनिटं थांबा. घड्याळापेक्षा या खुणेवर भरवसा ठेवा, कारण वजनं स्वतः बरीच उष्णता घेतात आणि जास्त वजनाला जास्त वेळ लागतो. वजनं निघाल्यावर तळ कोरडा आणि बिस्किटासारखा सोनेरी होईपर्यंत दहा-बारा मिनिटं भाजा. मधे तळ फुगला तर गरम असतानाच चमच्याच्या पाठीने हलकेच दाबा. भेग दिसली तर बाजूला ठेवलेल्या कच्च्या पिठाचा पातळ लेप तिच्यात बसवा आणि दोन-तीन मिनिटं पुन्हा भाजा. भिंत ढासळली असेल तर मात्र ती या टप्प्यावर उभी करता येत नाही. त्या पारीत कर्ड कमी भरा आणि वरून क्रीम घाला.

एकामागून एक दोन पाऱ्या भाजायच्या असतील तर पहिलीतून निघालेली तापलेली वजनं दुसरीत ओतू नका. ती थंड पिठातलं लोणी लगेच वितळवतात. वजनं परातीत पसरून पूर्ण गार होऊ द्या. चिनी मातीच्या गोळ्या लोणकट झाल्या तर साबणाने धुवा, पण पुन्हा वापरण्याआधी रात्रभर फडक्यावर वाळवा. पावसाळ्यात राजमा आणि तांदूळ घट्ट झाकणाच्या बरणीतच ठेवा, कारण ओल धरलेलं धान्य ओव्हनमध्ये वाफ सोडतं आणि पारीचा तळ कच्चा राहतो.

तरीही पारी बिघडली तर तिचा एक फोटो बाजूने आणि एक वरून काढून दुकानात घेऊन या. सोबत पीठ किती वेळ फ्रीजमध्ये होतं आणि वजनं कुठपर्यंत भरली होती, एवढं सांगा.