मॉडेल एका बाजूने गायब होतं, त्यामागची पार्श्वभूमी

इंपोर्ट केलेल्या थ्रीडी घराची बाहेरची भिंत दिसतच नाही, पण तिच्यातून आरपार पाहिलं तर पलीकडच्या भिंतीची आतली बाजू स्पष्ट दिसते. कॅमेरा फिरवला तर घर उलट्या दिशेने फिरल्यासारखं वाटतं. गणपतीचा साचा आतून पाहताना चेहरा कधी खोलगट तर कधी उठावदार वाटतो, तसाच हा भास असतो. अशा वेळी ‘नॉर्मल उलटे झालेत’, म्हणजे पृष्ठ कुठे तोंड करून आहे ते सांगणारे बाण उलटे झालेत, असं सांगितलं जातं. बऱ्याचदा ते निदान अर्धंच बरोबर असतं, आणि त्याचं कारण या तंत्राच्या इतिहासात आहे.

मागची बाजू वगळण्याची कल्पना आजच्या ग्राफिक्स कार्डांपेक्षा पुष्कळ जुनी आहे. १९६३ मधल्या एका डॉक्टरेटच्या प्रबंधात घनवस्तूच्या झाकलेल्या रेषा गाळण्याची रीत मांडली गेली. बहिर्वक्र घनाची जी पृष्ठं पाहणाऱ्याकडे पाठ करून असतात, ती कधीच दिसत नाहीत. त्यामुळे अशा घनापुरता प्रश्न तेवढ्यावरच सुटतो. प्रत्येक पिक्सेलची खोली साठवून जवळचं काय ते ठरवण्याची पद्धत १९७४ च्या सुमारास आली, तेव्हा पाठमोरी पृष्ठं वगळणं अचूकतेसाठी गरजेचं उरलं नाही. पण बंद वस्तूचं पृष्ठ ज्या त्रिकोणांचं बनतं, त्यांतले साधारण निम्मे कोणत्याही क्षणी पाठमोरेच असतात. ते आधीच टाकून दिले की पुढचं पिक्सेल भरण्याचं काम वाचतं, म्हणून वगळण्याची ही रीत, म्हणजे बॅकफेस कलिंग, टिकून राहिली.

खरा गुंता नॉर्मल या शब्दाभोवती आहे. तो नीट न सोडवल्यामुळे माणसं चुकीचं बटण दाबत राहतात. एक नॉर्मल पृष्ठाचा असतो. तो त्रिकोणाची टोकं ज्या क्रमाने लिहिली आहेत त्यावरून निघतो आणि फाइलमध्ये वेगळा असण्याची गरज नसते. दुसरा नॉर्मल टोकाला जोडलेला असतो. १९७१ मध्ये टोकांवरचा प्रकाश काढून तो मधल्या भागात पसरवण्याची रीत आली, तेव्हापासून तो महत्त्वाचा झाला. त्याचं काम पृष्ठ गुळगुळीत उजळवणं एवढंच आहे. आजच्या ग्राफिक्स कार्डाचं ठरलेलं कलिंग या दुसऱ्या नॉर्मलकडे पाहतच नाही. ते पाहतं फक्त क्रम, म्हणजे वाइंडिंग, आणि तोही त्रिकोण पडद्यावर उतरल्यानंतरचा.

हिशेब छोटा आहे. A, B, C या टोकांसाठी दुप्पट क्षेत्रफळ चिन्हासह काढायचं:

```
(Bx-Ax)*(Cy-Ay) - (Cx-Ax)*(By-Ay)
```

A (0,0), B (4,0), C (0,3) घेतलं तर उत्तर +12 येतं. y वर वाढत असेल तर हा क्रम घड्याळाच्या उलट दिशेचा आहे. आता मॉडेल x मध्ये आरशासारखं उलटवलं की B (-4,0) होतो आणि उत्तर -12 येतं. टोकांचे क्रमांक तेच आहेत, एक आकडा सोडून काही बदललेलं नाही, तरी त्रिकोणाची पुढची बाजू मागची झाली.

ओबीजे फाइलमध्ये हा फरक उघड दिसतो. f ची प्रत्येक ओळ म्हणजे एक पृष्ठ, // च्या आधी टोकाचा क्रमांक आणि नंतर नॉर्मलचा:

```
f 1//1 2//1 3//1
f 1//1 3//1 2//1
```

दोन्ही ओळींत नॉर्मल क्रमांक 1 च आहे. प्रकाशाचा हिशेब त्याच नॉर्मलवर होईल, पण कलिंग सुरू असेल तर एका वेळी यांतली एकच ओळ दिसेल. निदान इथूनच करावं. पृष्ठ नाहीसं होत असेल तर क्रम उलटा आहे. पृष्ठ दिसतंय, पण उजेडाच्या बाजूला काळं पडतंय, तर साठवलेले नॉर्मल उलटे असण्याची शक्यता जास्त. दोन्ही एकदम बिघडलेलंही सापडतं.

एसटीएल फाइलींनी १९८७ पासून हा गुंता जपून ठेवला आहे. तिथे प्रत्येक त्रिकोणासोबत नॉर्मलही लिहितात आणि टोकांचा क्रम उजव्या हाताच्या नियमाने असावा असंही सांगतात. एकच माहिती दोनदा, आणि दोन्ही जुळल्या नाहीत तर वाचणारा प्रोग्रॅम आपल्या मर्जीने एक निवडतो.

मग १९९० च्या दशकात, प्रोग्रॅम ज्यांच्यामार्फत ग्राफिक्स कार्डाशी बोलतात त्या दोन प्रणालींत, दोन वेगळे निर्णय झाले. १९९२ च्या ओपनजीएलने घड्याळाच्या उलट क्रमाला पुढची बाजू मानलं, पण कलिंग मुळात बंद ठेवलं. डायरेक्ट-थ्रीडीने घड्याळाच्या क्रमाला पुढची बाजू मानलं आणि कलिंग सुरूच ठेवलं. कोणता क्रम बरोबर यावर वाद घालण्यात अर्थ नाही, दोन्ही चालतात. कलिंग बंद ठेवण्याचा निर्णय मात्र माझ्या मते महागात पडला, कारण त्यावर बांधलेल्या मॉडेलिंग साधनांत उलटं पृष्ठही सरळ पृष्ठासारखंच दिसत राहिलं. स्केचअपही दोन्ही बाजू रंगवतं. मागची बाजू निळसर-करडी दाखवतं, पण त्या बाजूवर विटांचं मटेरियल चढवलं की ती खूणही झाकली जाते. ते घर गेम इंजिनमध्ये गेल्यावरच भिंत गायब होते, आणि दोष इंजिनला दिला जातो.

अक्षांचं रूपांतर हे दुसरं मोठं कारण. ब्लेंडरमध्ये वरची दिशा z आहे, अनेक फाइलींत y. x भोवती ९० अंश फिरवून हे जुळवलं तर क्रमाला धक्का लागत नाही. पण कुणी फक्त y आणि z ची अदलाबदल केली, तर ते फिरवणं नव्हे, प्रतिबिंब आहे. मॅट्रिक्सचा डिटरमिनंट -1 होतो आणि सगळे त्रिकोण उलटतात. युनिटीची अक्षपद्धती डावखुरी आहे, ब्लेंडरची उजवी. त्यामुळे मधे एक प्रतिबिंब अटळ आहे, आणि इंपोर्टरने प्रत्येक त्रिकोणातली दोन टोकं बदलून त्याची भरपाई करायलाच हवी.

अर्धा चेहरा करून -1 स्केलने दुसरा अर्धा काढण्याची सवयही याच कारणाने नडते. २०१७ च्या जीएलटीएफ २.० या फाइल-प्रकारात याचं सरळ उत्तर आहे: पुढची बाजू घड्याळाच्या उलट क्रमाची, आणि नोडच्या एकूण रूपांतराचा डिटरमिनंट ऋण असेल तर क्रम उलटा धरायचा. हा नियम मला सगळ्यांत स्वच्छ वाटतो. मात्र एक्स्पोर्ट करताना ऋण स्केल थेट टोकांच्या आकड्यांत मुरवली आणि क्रम तसाच ठेवला, तर वाचणाऱ्याला डिटरमिनंट धनच दिसतो आणि नियम कामी येत नाही.

ब्लेंडर २.८० पासून ओव्हरलेमध्ये Face Orientation आहे. त्यात मागची बाजू लाल दिसते. एडिट मोडमध्ये सगळं निवडून Shift+N दाबलं की क्रम बाहेरच्या दिशेने लावला जातो. बंद मेशवर हे विश्वासाने चालतं. एकाच पातळ पृष्ठाच्या पडद्याला किंवा पानाला ‘बाहेर’ नसतंच, तिथे प्रोग्रॅम अंदाज करतो. शिवाय फाइलीतून आलेले स्वतंत्र नॉर्मल मेशवर राहिले असतील, तर क्रम सुधारल्यावरही छटा विचित्र दिसतात. ते वेगळे काढून टाकावे लागतात.

मटेरियलच्या दोन्ही बाजू रंगवायला लावणारं `doubleSided` चालू करून सुटका करून घेण्याची पद्धत आता फार रुळली आहे. पानं, कापड, कागद यांच्यासाठी ती योग्यच आहे, आणि जीएलटीएफमध्ये मागच्या बाजूचा नॉर्मल उलटवून मगच प्रकाशाचा हिशेब करायचा असतो. पण भिंतीसारख्या बंद घनावर ती वापरली तर दोष फाइलीत तसाच राहतो. वाइंडिंग उलटं असल्याने भिंतीची बाहेरची बाजूच ‘मागची’ ठरते, तिचा साठवलेला नॉर्मल योग्य असला तरी हिशेबाआधी तो उलटवला जातो, आणि उन्हात असलेली भिंत काळी पडते.